कुंडीतला पालक, व्हर्मिवॉश आणि ताक : पेरणीआधीची तयारी

व्हर्मिवॉश, म्हणजे गांडुळांच्या बादलीतून झिरपून आलेलं पाणी, आणि ताक दिल्याने कुंडीतल्या पालकाच्या वाढीत फरक पडतो का, हे पाहायचा प्रकल्प पदविकेच्या मुलांना द्यायला मला आवडतं, कारण खर्च फार नाही आणि सव्वा महिन्यात निकाल हाती येतो. मात्र निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा पेरणीच्या आधीच, म्हणून ही यादी पेरणीच्या महिनाभर आधी हातात असू द्या.

पहिलं काम पीक ठरवण्याचं. बरेच गट मेथी घेतात, पण मेथी शेंगवर्गीय आहे. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, आणि मग वाढ खतामुळे झाली की गाठींमुळे, हे सांगता येत नाही. पालक घ्या, ‘ऑल ग्रीन’ जात चालेल. आपल्याकडच्या पालकाचं एक बी म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा घट्ट पुंजका असतो. त्यामुळे एका जागी दोन-तीन रोपं उगवली तर चूक झाली असं समजू नका, विरळणी मात्र करावीच लागेल. एका कुंडीत दहा-बारा बिया रात्रभर भिजवून टोकायच्या आणि शेवटी पाचच रोपं ठेवायची.

कुंड्या वीस हव्यात, सगळ्या दहा इंची आणि एकाच मापाच्या. चार ट्रीटमेंट, प्रत्येकीच्या पाच कुंड्या : नुसतं पाणी, व्हर्मिवॉश, ताक, आणि दोन्ही एकत्र. दोन-दोन कुंड्यांवर काम भागवू नका. एका कुंडीतली पाच रोपं म्हणजे पाच रेप्लिकेशन, म्हणजे पाच स्वतंत्र नमुने, नव्हेत, कारण त्यांची माती एक, पाणी एक, जागाही एक. तक्त्यात त्या पाचांची सरासरी काढून कुंडीला एकच आकडा लिहायचा. वीस कुंड्यांचे वीस आकडे झाले की पूर्ण यादृच्छिक आराखड्यात त्रुटीसाठी १६ स्वातंत्र्यांश उरतात आणि गटांमधला फरक खरा की योगायोगाचा हे पाहणारी एफ चाचणी करता येते.

माती एकाच ढिगात कालवायची. दर कुंडीला ५ किलो चाळलेली माती आणि अर्धा किलो कुजलेलं शेणखत, म्हणजे वीस कुंड्यांना १०० किलो माती आणि १० किलो शेणखत. घमेल्याच्या अंदाजाने भरू नका, वजन करून भरा. शेणखत कमी ठेवण्याचं कारण हिशेबाने कळेल. शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र धरलं, तर अर्ध्या किलोत अडीच ग्रॅम होतं. ते सगळं लगेच पिकाला मिळत नाही, हे खरं. आता ताक पाहा. एका वेळी कुंडीला ५ मिली ताक जाणार. त्यात ३ टक्के प्रथिनं धरली तरी नत्र भरतं जेमतेम २५ मिलिग्रॅम, चार वेळचं मिळून १०० मिलिग्रॅम. घरचं पाणीदार ताक असेल तर त्याहून कमी. शेणखत ओंजळीओंजळीने घातलेल्या कुंडीत एवढा फरक दिसणार कसा? आणि दिसलाच तर तो नत्राचा असेल की ताकातल्या जिवाणूंचा, की आंबटपणाचा, हे या प्रयोगातून ठरत नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहा. सवड असेल तर उकळून गार केलेल्या ताकाच्या आणखी पाच कुंड्या ठेवा. जिवाणू मेले तरी परिणाम तोच राहतो का, ते त्यातून थोडं कळेल.

व्हर्मिवॉशची सोय महिनाभर आधी करावी लागते. नळ बसवलेल्या बादलीत तळाला विटांचे तुकडे, वर वाळू, त्यावर अर्धवट कुजलेलं शेण आणि पालापाचोळा, त्यात आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं. पंधरा-वीस दिवस फक्त ओलावा टिकवायचा, मग वर टांगलेल्या मडक्यातून थेंबथेंब पाणी सोडायचं. पहिलं गढूळ पाणी फेकून द्या. पुढचं कोऱ्या चहाच्या रंगाचं येतं, आणि त्याला पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास असतो. गांडूळखताच्या बेडखालून गळणारं काळं, कुबट वासाचं पाणी काही जण व्हर्मिवॉश म्हणून देतात, ते घेऊ नका. सगळा व्हर्मिवॉश एकदाच जमवून, एकत्र मिसळून, सावलीत ठेवा. दर आठवड्याला नवा काढलात तर त्याची ताकद दर वेळी वेगळी असते. बाटलीचं झाकण सैल ठेवा.

ताकाचं नेमकं उलटं. ते दर वेळी ताजं करायचं, पण रीत तीच ठेवायची : त्याच दुधाचं दही, ठरलेलं पाणी घालून घुसळायचं, लोणी पूर्ण काढायचं, मग काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात तीन दिवस आंबू द्यायचं आणि सुती फडक्यातून गाळायचं. तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबट ताक त्याला खातं. आणि मीठ अजिबात नको. माझ्या एका गटाने घाईत उपाहारगृहातून मठ्ठा आणला होता. दुसऱ्या मात्रेनंतर पानांच्या कडा तपकिरी होऊन वळल्या, आणि मुलं दोन दिवस रोग शोधत होती. शेवटी एकाने उरलेला मठ्ठा चाखला तेव्हा उलगडा झाला. पाच कुंड्या गेल्या, आणि परत पेरायला वेळ उरला नव्हता.

मात्रेचं पाणी मोजून ठेवा. दर कुंडीला १०० मिली, म्हणजे एका ट्रीटमेंटला ५०० मिली द्रावण. व्हर्मिवॉश ५० मिली आणि पाणी ४५०. ताक २५ मिली आणि पाणी ४७५. एकत्रात ५० आणि २५ मिली, वर पाणी ४२५. आणि कंट्रोलला ५०० मिली साधं पाणी, त्याच वेळी, त्याच हाताने. ते द्यायला विसरलं की तुलना खताची उरत नाही, ओलाव्याची होते. पेरणीपासून १०, १७, २४ आणि ३१ व्या दिवशी मात्रा, ३८ व्या दिवशी काढणी. एकूण व्हर्मिवॉश ४०० मिली लागेल, अर्धा-पाऊण लिटर जमवा. ताक २०० मिली, दर वेळी ५०. चार रंगांचे चार मग ठेवा, अदलाबदल करू नका. मात्रा मातीत द्या, पानांवर नको. वरची माती थोडी सुकलेली असताना द्या, ओल्या मातीतून द्रावण तळाच्या भोकाने निघून जातं. ताकाच्या कुंडीत पांढरा पापुद्रा धरला, वास सुटला किंवा चिलटं घोंगावू लागली, तर वरचा थर काडीने हलका मोकळा करा. तेच काम त्या दिवशी सगळ्या वीस कुंड्यांत करा.

कुंड्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर आठवड्याला एक-एक जागा पुढे सरकवा, कारण भिंतीलगतच्या कुंडीला ऊन कमी मिळतं.

नववा दिवस वहीत ठळक लिहून ठेवा. पहिल्या मात्रेच्या आदल्या दिवशी, विरळणी झाल्यावर, प्रत्येक रोपाची उंची मोजायची. गटांमध्ये त्याच दिवशी फरक असेल तर तो खताचा नाही. पुढे दर मात्रेआधी सर्वांत उंच पान सरळ धरून मातीपासून टोकापर्यंत उंची, आणि ५ सेंटीमीटरहून लांब पानांची संख्या. मोजणारा एकच असावा.

काढणीच्या आदल्या संध्याकाळी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा तपासून ठेवा आणि वीस कागदी पाकिटांवर कुंडी क्रमांक लिहा. सकाळी ऊन तापायच्या आत कापायला बसा, कारण कापलेला पालक ऊन लागताच सुकतो आणि शेवटच्या कुंडीचं वजन पहिलीपेक्षा कमी भरतं. कुंडी कापली की लगेच वजन, मग पाकीट ६५ ते ७० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत.