जर्मन लॅब रिपोर्टमधले पॅसिव्ह आणि ‘मान’: या चुका टाळा

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या लॅब रिपोर्टमध्ये एक वाक्य वारंवार दिसतं: ‘डी प्रोबं इस्ट आउफ 80 ग्राड एरहिट्स्ट’. त्यांना म्हणायचं असतं, नमुना 80 अंशांपर्यंत तापवला जातो. डोक्यात इंग्रजीतलं ‘इज हीटेड’ असतं, म्हणून ‘इज’च्या जागी ‘इस्ट’ येतं. जर्मन वाचकाला मात्र कळतं, ‘नमुना तापवलेला आहे’. कधी, कोणत्या पायरीवर तापवला, ते राहूनच जातं. क्रिया सांगायची तर ‘वेर्डन’ लागतं: ‘विर्ड एरहिट्स्ट’. प्रयोग होऊन गेलेला असल्यामुळे रिपोर्टमध्ये ‘वुर्डं एरहिट्स्ट’.

इथे इंग्रजीपेक्षा मराठीच जास्त उपयोगी पडते. व्हॉल्व्हचंच घ्या. बंद केला जातो: ‘विर्ड गेश्लॉसन’. बंद केलेला आहे: ‘इस्ट गेश्लॉसन’. बंद करता येतो: ‘लेस्ट झिश श्लीसन’. बंद करायचा आहे: ‘इस्ट त्सू श्लीसन’. आधी मराठी क्रियापद ठरवा, मग जर्मन निवडा.

तिसऱ्या-चौथ्यातली गल्लत सगळ्यात महाग पडते. समजा, यंत्राच्या माहितीपत्रकात सांगायचंय की झाकण उघडण्याआधी व्हॉल्व्ह बंद केलाच पाहिजे. तिथे ‘लेस्ट झिश’ लिहिलं तर अर्थ होतो, ‘बंद करता येतो’. म्हणजे केला तर केला! बरं, ‘इस्ट त्सू’ही दर वेळी हुकूम नसतो. मध्ये ‘लाइश्त’, म्हणजे ‘सहज’, घातलं की ‘इस्ट लाइश्त त्सू श्लीसन’ म्हणजे ‘सहज बंद करता येतो’. म्हणून धोक्याच्या सूचनेत मी सरळ ‘मुस गेश्लॉसन वेर्डन’ लिहिते. पायऱ्यांच्या यादीत नुसतं ‘व्हेंटील श्लीसन’ पुरतं, जसं आपण ‘व्हॉल्व्ह बंद करणे’ लिहितो.

आता ‘मान’. पॅसिव्हचा कंटाळा आला की मुलं सगळीकडे हेच पेरतात. ‘मान’ म्हणजे कोणीही, आपण सगळे. ‘आकृती 3 मध्ये दिसतं की…’ इथे तो शोभतो, कारण आकृती कोणीही पाहू शकतं. पण ‘मान हाट गेमेसन’ लिहिलंत तर मोजमाप नक्की केलं कोणी, तुम्ही की आणखी कोणी, हा प्रश्न उरतो. स्वतःच्या मोजमापाला ‘वुर्डं गेमेसन’ बरं. काही प्राध्यापकांना प्रबंधात ‘मान’ अजिबात चालत नाही; आधी विचारून घ्या.

व्याकरणातही दोन खड्डे आहेत. एका वाक्यात ‘मान’ आलं की पुढच्या वाक्यात त्याच्याऐवजी ‘एर’, म्हणजे ‘तो’, येत नाही. पुन्हा ‘मान’च लिहायचं. आणि ‘मान’ फक्त कर्ता म्हणून येतं, त्यामुळे पॅसिव्हमध्ये ‘फॉन मान’ असं काही नसतं. करणारा सांगायचा नसेल तर ती जागा रिकामीच सोडायची.