पाच वाट्या, एक विरजण: दुधाचं दही होताना नेमकं काय घडतं ते घरीच बघा

मे महिन्यात सोलापूरला पारा ४० च्या वर गेला की दही लावणं म्हणजे शर्यतच. सकाळी लावलेलं दुपारी जेवायला अदमुरं आणि गोड, संध्याकाळी खाववणार नाही इतकं आंबट. तेच दही गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, रात्रभर ठेवलं तरी सकाळी पातेल्यात दूधच हलताना दिसतं. दूध तेच, विरजण तेच, तरी फरक एवढा. हा फरक का पडतो ते सुट्टीतल्या एका दिवसात स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. मी हा प्रयोग माझ्या सातवीतल्या भाच्याबरोबर केला होता, त्याच क्रमाने सांगते.

लागणारं सामान

म्हशीचं ताजं दूध ६०० मिली (आपल्याकडचं पंढरपुरी म्हशीचं मिळालं तर उत्तमच), आदल्या दिवशीचं चांगलं दही, काचेच्या पाच वाट्या, पाव चमच्याचं माप, स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशा पीएच पट्ट्या. पाऱ्याचा थर्मामीटर दुधात घालू नका; फुटला तर पारा पोटात जाईल. हळदीच्या कागदाने आम्लता मोजू, असं भाच्याला वाटलं होतं. पण हळद रंग बदलते ती सोड्यासारख्या अल्कली पदार्थात. आंबटात ती पिवळीच राहते, म्हणून इथे तिचा उपयोग नाही.

दूध नुसतं गरम करू नका, उकळा

उकळी आल्यावर गॅस बारीक करून दूध दहा मिनिटं ढवळत राहा. यामुळे दुधातले बरेचसे आगंतुक जिवाणू मरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं कारण कमी जणांना माहीत असतं. दुधात दोन तऱ्हेची प्रथिनं असतात. सुमारे ८० टक्के केसीन आणि बाकीची निवळीत राहणारी. ही निवळीतली प्रथिनं ७५ अंशांच्या पुढे उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. पुढे दही लागताना त्यांचीही जाळ्याला मदत होते, म्हणून दही घट्ट होतं आणि पाणी कमी सुटतं. कोमट करून लावलेलं दही पातळ का होतं, त्याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

४२ अंशांची वाट बघा

पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा आणि दूध ४२ अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. बोट चटकन मागे घ्यावंसं वाटलं तर अजून थांबा. एकदा घाईत मी कढत दुधात विरजण घातलं होतं. रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी हाती आलं ते वास मारणारं दूध. ६० अंशांच्या आसपासच्या दुधात विरजणातले बहुतेक जिवाणू टिकत नाहीत. ते गेले की मैदान उरलेल्या आगंतुकांना मोकळं.

आता प्रत्येक वाटीत १०० मिली दूध घ्या. पहिलीत पाव चमचा दही घाला, दुसरीत अर्धा चमचा. तिसरीत काहीच घालू नका. चौथीत पाव चमचा घालून ती थेट फ्रीजमध्ये ठेवा. पाचवीतही पाव चमचा घाला. ही आपली तपासायची वाटी. दही आधी थोड्या दुधात फेटून मग मिसळायचं, नाहीतर जिवाणू एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. चौथी सोडून बाकीच्या वाट्या डब्यात बंद करून एखाद्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळा. चादर उष्णता तयार करत नाही, आतली बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. म्हणून थंडीत आधीच गार झालेल्या दुधाला चादरीत गुंडाळून काही उपयोग नसतो.

दर तासाला पट्टी बुडवा, पण फक्त पाचव्या वाटीत

बाकीच्या वाट्या हलवायच्या नाहीत. तीन तास झाल्यावर भाचा कंटाळून म्हणाला, "मावशी, काहीच होत नाहीये. दूध आहे तसंच आहे."

पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. त्याच्या वहीतले आकडे असे होते: सुरुवातीला साडेसहा, एका तासाने साडेसहा, दोन तासांनी तेवढाच, तीन तासांनी सहा. मग चार तासांनी सव्वापाच आणि पाच तासांनी साडेचार. शेवटच्या दोन तासांतच सगळा खेळ झाला. पाचव्या तासाला वाटी तिरकी केली तर दही कडेपासून एकसंध सुटलं.

आधीचे तास वाया गेले होते का? नाही. त्या वेळात जिवाणू वाढत होते. हे गणित मुलांनी स्वतः करून बघण्यासारखं आहे. पाव चमचा, म्हणजे साधारण एक मिली, दही १०० मिली दुधात घातलं की जिवाणू शंभरपट विरळ होतात. त्यांची गर्दी पुन्हा दह्याइतकी व्हायची तर त्यांना शंभरपट व्हायला हवं. एक जिवाणू दुभंगून दोन होतात, दोनाचे चार, मग ८, १६, ३२, ६४, १२८. म्हणजे सात वेळा दुप्पट. उबदार दुधात एका दुपटीला सुमारे ४० मिनिटं धरली तर सात दुपटींना २८० मिनिटं, पावणेपाच तासांच्या जवळ. फ्रीजमधून काढलेल्या विरजणाला आधी जागं व्हायला थोडा वेळ लागतो, तो वेगळा.

आता दुसरी वाटी आठवा, जीत दुप्पट विरजण होतं. वेळ निम्मा लागेल, असं भाच्याने आधीच लिहून ठेवलं होतं. पण दुप्पट विरजणाने फक्त एक दुपटीची पायरी वाचते, म्हणजे ४० मिनिटं. तसंच झालं, दुसरी वाटी पहिलीच्या थोडीच आधी लागली. म्हणून घाई असली की डावभर विरजण ओतण्यात अर्थ नाही. त्याने दही लवकर लागतं थोडंसं, आणि आंबट मात्र पहिल्यापासून होतं. वेळ खरा ठरतो तो तापमानावर. थंडीत दुपटीला लागणारा वेळ कितीतरी वाढतो, आणि तोच वेळ सात वेळा मोजावा लागतो.

जिवाणू आत काय करतात

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरा जोडून बनलेली असते. जिवाणूंचं विकर आधी ही जोडी तोडतं. मग ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुव्हेट म्हणतात. या कामात एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, दोन रेणू जिवाणूच्या पदरात पडतात. ती त्याची कमाई. त्याला हवं होतं ते मिळालं. मग पुढे लॅक्टिक आम्ल बनवायची उठाठेव कशाला?

इथे किटलीची गोष्ट कामी येते. ग्लुकोज तोडताना सुटलेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा रेणू उचलतो. जिवाणूकडे एनएडी मोजकेच असतात, जशा गवळ्याकडे किटल्या मोजक्याच. भरलेली किटली कुठेतरी रिकामी केल्याशिवाय पुढचं दूध घेता येत नाही. आपल्या पेशी ही किटली शेवटी ऑक्सिजनजवळ रिकामी करतात. या जिवाणूंकडे ती सोय नाही, म्हणून ते ती पायरुव्हेटवरच ओततात. त्यातून पायरुव्हेटचं लॅक्टिक आम्ल होतं आणि किटली मोकळी होते. आपण आवडीने खातो तो आंबटपणा जिवाणूच्या दृष्टीने निव्वळ सांडपाणी आहे.

दोन्ही साखरा वापरल्या गेल्या तर एका लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्लाचे चार रेणू, सगळा हिशेब असा:

C12H22O11 + H2O → 4 C3H6O3

उबेत वाढणाऱ्या दह्याच्या जिवाणूंपैकी काही गॅलॅक्टोज न वापरता तसंच बाहेर टाकतात. कुठल्याही परिस्थितीत सगळी साखर संपत नाही. अर्ध्या लिटर दुधात सुमारे २५ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि चांगल्या दह्यात आम्ल साधारण चार ग्रॅम. बहुतेक साखर उरतेच. पण या साखरा आपल्या नेहमीच्या साखरेहून खूप कमी गोड, त्यामुळे जिभेवर आंबटच वरचढ ठरतं.

आणि ते घट्ट कशाने झालं?

केसीनचे कण दुधात सुटे तरंगतात, कारण त्या सगळ्यांवर ऋण प्रभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. कणाच्या आत कॅल्शियम फॉस्फेटने त्याला बांधून ठेवलेलं असतं. आम्ल वाढलं की हायड्रोजन आयन तो प्रभार मारून टाकतात आणि कॅल्शियम फॉस्फेट विरघळू लागतं. पीएच पाचाच्या जवळ आला की कण एकमेकांना चिकटायला लागतात, ४.६ ला लोटण्याचा जोर जवळजवळ शून्य होतो. कण साखळीसारखे जुळत जाळं विणतात आणि पाणी त्यातच अडकतं. दह्याचा बहुतेक भाग अजून पाणीच आहे, फक्त त्याला हलायला जागा उरलेली नाही. वाटीला मधेच धक्का लागला तर जाळं फाटतं आणि निवळी सुटते ती म्हणूनच.

गरम दुधात लिंबू पिळलं तरी केसीन चिकटतं, मग दही का होत नाही? कारण आम्ल एकदम आणि एकाच जागी पडतं, कण घाईने गोळा होतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. जिवाणू आम्ल थोडं थोडं आणि सगळीकडे सारखं सोडतात. ही संथ गती दह्यासाठी आवश्यक आहे.

बिघडलं तर

आठ तासांनीही काही हललं नाही तर आधी तापमानावर संशय घ्या. तापमान ठीक होतं आणि विरजणही ताजं होतं, तर दूध बदलून बघा. कासेला सूज आणणाऱ्या दगडीच्या आजारासाठी म्हशीला प्रतिजैविक दिलं असेल तर ते दुधात उतरतं आणि विरजणाचे जिवाणू रोखून धरतं. दह्याला फेस, बुडबुड्यांची भोकं, घाण वास किंवा रंगीत ठिपके दिसले तर ते सरळ टाका. नुसती तार सुटत असेल तर काही जिवाणूंनी बनवलेल्या चिकट शर्करा त्याला कारण असू शकतात. वास चांगला असेल तरी ते पुढचं विरजण म्हणून ठेवू नका, तार पुढच्या दह्यातही येईल.

तिसरी, बिनविरजणाची वाटी दिवसभर उबेत राहिल्यावर चाखायची नाही. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू टिकतात, ते त्यात उगवलेले असू शकतात. ती ओतून द्या.

राहिली फ्रीजमधली चौथी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पातळ दूधच होती आणि पट्टीवर साडेसहा. जिवाणू मेले, असं भाच्याने वहीत लिहूनही टाकलं. ती वाटी आम्ही कोमट पाण्यात ठेवून ४० अंशांवर आणली आणि डब्यात घालून पुन्हा चादरीत गुंडाळली. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट वाढेपर्यंत तिच्यात दही लागलं होतं, आणि भाच्याने ते वाक्य खोडून वर 'झोपले होते' असं लिहिलं.