विसरभोळेपणा सुरू झालेल्या आईबाबांना घेऊन दोन रात्रींची ट्रिप करताय? या चुका टाळा

डॉक्टरांनी सांगितलं की डिमेन्शियाची सुरुवातीची स्टेज आहे, की घरात सगळ्यांच्या मनात पहिलं हेच येतं, अजून सगळं कळतंय तोवर फिरवून आणू. विचार एकदम बरोबर आहे. पण मग प्लॅन निघतो तो केरळ नाहीतर काशी, सात-आठ दिवस, दर दोन दिवसांनी नवीन हॉटेल, आणि तिकडे गेल्यावर बाबा रात्री उठून दार शोधत फिरतात, मग सगळे म्हणतात अचानक वाढलं हो यांचं. बऱ्याचदा अचानक काही वाढलेलं नसतं. घरी ते ठीक दिसतात कारण घर त्यांना पदोपदी मदत करत असतं, दिव्याचं बटण हाताला माहीत असतं, बाथरूम डावीकडे आहे हे पायांना माहीत असतं, चष्मा टीव्हीवरच असतो. ही सगळी मदत तुम्ही एका दिवसात काढून घेतलीत तर जे घरी झाकलेलं होतं ते दिसायला लागतं. म्हणून ट्रिप ठरवताना कुठे जायचं याच्या आधी बघायचं की त्यांच्या दिवसातलं काय काय जसंच्या तसं सोबत नेता येईल.

आमचे बाबा रिटायर्ड पोस्टमास्तर, राहायला पुण्यात, नोकरीतली बरीच वर्षं सातारा जिल्ह्यात गेलेली. त्यांच्यासाठी आम्ही वाई निवडली, दोन रात्री, मंगळवार ते गुरुवार. हेच उदाहरण घेऊन सांगते.

चूक: ओळखीचं म्हणजे जुनं घरच दाखवायला नेणं

ही सगळ्यात मायेने केलेली चूक असते. जिथे लहानपण गेलं तो वाडा, ती गल्ली दाखवू म्हणजे बरं वाटेल. पण तिथे वाडा पाडून बिल्डिंग झालेली असते, शेजारचे काका वारलेले असतात, आणि बाबांच्या डोक्यात मात्र ते सगळं अजून आहे. मग "अरे पण अण्णा कुठे गेला" हा प्रश्न येतो आणि तुम्हाला त्यांना ती बातमी पुन्हा नव्याने द्यावी लागते, आणि त्यांना ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी लागते. म्हणून नेमकं तेच घर नको, तसंच गाव हवं. वाईत नदी आहे, घाट आहे, देऊळ आहे, बाजारात मराठी पाट्या आहेत, जेवायला भाकरी-पिठलं मिळतं, लोक त्यांच्यासारखंच बोलतात. एवढी ओळख पुरते. आणि पुण्याहून साधारण दोन-अडीच तासांत पोचता येतं, हे महत्त्वाचं, कारण गरज पडली तर त्याच दिवशी परत फिरता आलं पाहिजे.

चूक: पहाटे पाचला निघणं

ट्रॅफिक टाळायला आपण सगळे असंच करतो. पण त्यांची झोप मोडली, सकाळचा चहा-अंघोळ-पूजा हा क्रम मोडला, की दिवसभराचं गणित बिघडतं. त्याऐवजी आठवड्याच्या मधला दिवस घ्या, मग खंबाटकीला वीकेंडची गर्दी नसते आणि पहाटे पळायची गरजच राहत नाही. बाबा सहाला उठतात, पूजा करतात, साडेआठला नाश्ता. ते सगळं नेहमीसारखं झालं आणि साडेनऊला गाडीत बसलो. वाटेत एकच थांबा, मोठ्या गजबजलेल्या फूडकोर्टला नाही तर छोट्या हॉटेलला, जिथे आत-बाहेर जायला एकच दार दिसतं. मुलगी वडिलांसोबत किंवा मुलगा आईसोबत असेल तर टॉयलेटचा विचार घरूनच करा, कारण सगळ्यात जास्त चुकामूक तिथेच होते. पुरुषांच्या बाजूला माझा नवरा सोबत जायचा. कोणी नसेल तर बाहेर पडायची दारं किती आहेत ते आधी बघा आणि नेमकं दारासमोर उभं राहा. जेवायला साडेबाराच्या आत मुक्कामाला, मग त्यांची नेहमीची दुपारची झोप तिथल्या बेडवर. नवीन खोली पहिल्यांदा उजेडात बघितली जाते हा याचा मोठा फायदा आहे. संध्याकाळी पोचलात तर थकवा, अंधार आणि अनोळखी जागा तिन्ही एकदम येतात, आणि अशा आजारात बऱ्याच जणांचा गोंधळ तसाही दिवस मावळताना वाढतो.

गाडी लागू नये म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणून देऊ नका. उलटीवरच्या ज्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात त्यात प्रोमेथाझिन असतं, आणि म्हाताऱ्या माणसाला, त्यातून विसरण्याचा त्रास असलेल्याला त्याने गुंगी येऊन भ्रम वाढू शकतो. झोपेच्या गोळीचंही तेच. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल चालू असेल तर मळमळ त्याचीही असू शकते, पण म्हणून ट्रिपपुरती ती स्वतःहून बंद करायची नाही, निघायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. रोजची औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत हवीत, मूळ पाकिटांसकट आणि प्रिस्क्रिप्शनसकट, दोन दिवसांची जास्तीची.

चूक: पंधरा दिवस आधीपासून सांगत बसणं

आपल्याला उत्साह असतो म्हणून आपण सांगतो, पण त्यांच्याकडे त्यातला "जायचंय" एवढाच भाग उरतो आणि कधी जायचंय ते निसटतं. मग रोज बॅग भरणं, रोज तोच प्रश्न, रात्रीची झोप जाते. आदल्या दिवशी सांगा, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या रोजच्या जागेवर ठेवा: उद्या नाश्ता करून वाईला जायचं, गुरुवारी जेवून घरी. तोच कागद नंतर वाईच्या खोलीत बेडशेजारी ठेवायचा. बाबा तो दिवसातून कितीतरी वेळा वाचायचे आणि वाचून शांत व्हायचे, आम्हाला विचारायची त्यांना गरज पडत नव्हती. स्वतः वाचून कळणं यात माणसाचा मान राहतो.

चूक: पहिल्या रात्रीची तयारी न करणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन, कारण ट्रिप बिघडते ती बहुतेक रात्री.

बुकिंग करताना फोनवरच विचारा: तळमजल्यावर खोली आहे का, बाथरूम खोलीतच आहे का, उंबरा किंवा पायरी आहे का, बाथरूमची कडी बाहेरून उघडता येते का. त्यांना वेगळी खोली अजिबात नको, कोणीतरी त्याच खोलीत झोपा. बेडची जी बाजू घरी त्यांची असते तीच इथे द्या, आणि पलंग असा हवा की उठून बसल्यावर बाथरूमचं दार समोर दिसेल. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू आणि दार अर्धं उघडं. दार बंद असेल तर चार सारखी दारं दिसतात, कपाट, बाल्कनी, बाहेरचं दार, सगळी एकाच रंगाची, आणि झोपेतून उठलेला माणूस जे पहिलं सापडेल ते उघडतो. बाहेरच्या दाराला आतून वरची कडी लावा, किल्ली तुमच्याजवळ ठेवा, पण कुलूप घालून त्यांना एकटं सोडून बाहेर जाऊ नका. गीझरचं पाणी तुम्ही बादलीत काढून, हात घालून बघून द्या, कारण तिथला नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम येतं हे त्यांना नवीन असतं.

घरून त्यांची चादर, उशी, रोजचा पेला, रोजची चप्पल न्यायची. ट्रिपसाठी नवे कपडे आणि नवे बूट घेतात लोक, तो मोह टाळा. त्यांना स्वतःच्या वस्तू ओळखून हाताला घेता आल्या पाहिजेत, आणि नव्या बुटाने पाय घसरला तर सगळंच अवघड.

चूक: "आठवतंय का?" विचारत राहणं

वाईजवळच्या मेणवलीला नदीच्या घाटावर उभं करून "बाबा, आठवतंय का आपण इथे आलो होतो?" हा प्रश्न त्यांना परीक्षेसारखा वाटतो. आठवत नसेल तर ते गप्प होतात किंवा काहीतरी सांगून वेळ मारून नेतात, आणि मग आपण चेहरा पाडतो. सरळ सांगून टाका: बाबा, हा नाना फडणविसांचा घाट, आपण इथे डबा घेऊन आलो होतो, तुम्ही त्या मोठ्या घंटेजवळ बसला होतात. मग त्यांना त्यातलं काही सापडलं तर तेच पुढे बोलतात. बाबांनी टपालाच्या थैल्यांची गोष्ट काढली, तिचा वाईशी काही संबंध नव्हता, आम्ही दुरुस्त केलं नाही, ऐकत बसलो.

दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. एक दिवस ढोल्या गणपती, एक दिवस मेणवली, बास. पाचगणी-महाबळेश्वर जवळच आहे म्हणून जोडू नका. संकष्टीच्या दिवशी देवळात गर्दी असते, तारीख बघून ठरवा. घाटाच्या पायऱ्या उतरू नका, वरच सावलीत बसा, कारण सावली आणि उन्हाचे पट्टे पडले की पायरी कुठे संपते हे त्यांना नीट उमगत नाही. रोज सकाळी निघताना त्यांचा त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो मोबाइलवर काढा, आणि खिशात नाव आणि दोन फोन नंबरांचं कार्ड ठेवा. चुकामूक झालीच तर दहा मिनिटं स्वतः शोधत बसण्यापेक्षा आजूबाजूच्या दुकानदारांना फोटो दाखवा आणि ११२ ला फोन लावा.

संध्याकाळी "मला घरी जायचंय" सुरू झालं तर

वाद नको. "अहो कालच तर आलो" म्हटलं की ते आणखी अडतात. आधी साधी कारणं तपासा: लघवी लागलीय का, पाणी कमी प्यायलंय का, पोट साफ झालंय का, कुठे दुखतंय का, टीव्हीचा आवाज मोठा आहे का. मग खरं तेच शांतपणे सांगा, "हो बाबा, गुरुवारी जेवून निघायचंय, आत्ता चहा घेऊ," आणि कागद दाखवा. सगळे दिवे लावा, पडदे ओढा, घरी त्या वेळेला जे करतात ते करा. बाबा घरी सातला रामरक्षा म्हणतात, ती तिथेही सातलाच. त्याने बऱ्याचदा जमतं. नाही जमलं आणि रात्रभर बेचैनी राहिली तर सकाळी नाश्ता करून परत निघा, बुकिंगचे पैसे गेले तरी चालेल.

पण एक फरक ओळखता आला पाहिजे. थकव्याचा गोंधळ झोप झाली की कमी होतो. काही तासांतच एकदम भलतं बोलायला लागले, दिसत नसलेलं दिसतंय म्हणाले, लक्षच लागत नाही, किंवा उलट सारखे पेंगायला लागले, तर तो नवीन जागेचा परिणाम समजून थांबू नका. लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं, एखादं औषध, यातलं काहीही असू शकतं आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं लागतं. मुक्कामाजवळचा दवाखाना कुठला हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

परत आल्यावरचे दोन दिवस रिकामे ठेवा, पाहुणे नकोत, लग्नाला जाणं नको. आणि ट्रिपमध्ये रात्री किती वेळा उठले, कुठल्या वेळेला गोंधळ झाला, काय केल्यावर शांत झाले, एवढं चार ओळीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना ते दाखवा, घराबाहेर कसे वागले याची माहिती त्यांना तपासणीच्या खोलीत मिळत नाही.