भगर मोकळी होण्यासाठी

उपासाची भगर गिचका होते, कारण धुतल्यावर ती तशीच ओली गार पाण्यात शिजवली जाते. पाणी कमी घालूनही फारसा फरक पडत नाही. खरं काम भाजण्यात आहे.

१. एक वाटी भगर दोन-तीन पाण्यांनी धुऊन बारीक चाळणीत १५ मिनिटं निथळत ठेवा. दाणा बारीक असल्याने मोठ्या भोकांच्या चाळणीतून निम्मी भगर सिंकमध्ये जाते.

२. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप, जिरं, हिरवी मिरची. त्यावर भगर घालून मंद आचेवर परता. आधी गोळे होतील, घाबरू नका. चार-पाच मिनिटांत ओल जाते, दाणे सुटे होतात आणि उलथन्याला चिकटायचे थांबतात. ही खूण दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही.

३. दुसऱ्या गॅसवर उकळलेलं दोन वाट्या पाणी आणि मीठ घाला. एकदाच ढवळा.

४. पाणी आटून वर बारीक भोकं दिसली की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं. मग गॅस बंद, पण झाकण आणखी दहा मिनिटं काढू नका. नंतर काट्याने कडेकडून मोकळी करा.

दाण्याचं कूट सगळ्यात शेवटी. शिजताना घातलं तर सगळं लगद्यासारखं होतं. आमटीत घालायचं असेल तर इथे नकोच.

एक सांभाळा: भगरीला कुबट वास येत असेल किंवा ती ओलसर लागत असेल, तर धुऊन-भाजून वापरू नका, टाकून द्या. बुरशी लागलेल्या भगरीने विषबाधा होते.