सामू न बघता टाकीत औषध ओतू नका

ढगाळ, दमट हवा आहे आणि पानांवर ओल टिकून राहतेय. रोग वाट बघणार नाही, त्यामुळे फवारणीची घाई समजते. पण औषध ओतण्याआधी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासा. फवारणी वाया गेलेली बरीच शेतं मी पाहिली. औषध चांगलं होतं, पाणी कोणी बघितलंच नव्हतं. कॅप्टन हे बुरशीनाशक ७ सामूच्या पाण्यात सुमारे ८ तासांत निम्मं होतं, ८ सामूला मात्र जेमतेम १० मिनिटांत.

सामू मोजायची कागदी पट्टी पाण्यात पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरती बुडवा, झटका आणि सांगितलेल्या सेकंदाला फोटो काढा. वाळली की तिचा रंग बदलतो. पट्टी आणि छापील रंगतक्ता पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून एकाच फोटोत घ्या. उजेड दिवसाचा, पण सावलीतला हवा. फ्लॅश बंद ठेवा. फोटोत कागद पिवळट दिसला तर आकडा धरू नका, फोटो पुन्हा काढा. हातातली पट्टी आणि मोबाइलवरचा तक्ता अशी तुलना फसवते.

समजा सामू ८ निघाला आणि लेबलप्रमाणे ६ हवा आहे. १० ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिली करा, म्हणजे १ मिलीत ०.१ ग्रॅम आम्ल. फवारणीचंच १ लिटर पाणी घेऊन त्यात सिरिंजने १-१ मिली टाका, ढवळा, दर वेळी नवी पट्टी लावा. एका पाण्यात १ मिलीला ७, २ मिलीला ६.५ आणि ३ मिलीला ६ आला. म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम आणि २०० लिटरच्या टाकीला ६० ग्रॅम. ८ वरून ७ ला १ मिली पुरलं म्हणून पुढच्या अंकालाही १ मिली धरलं असतं, तर हिशेब चुकला असता. पाण्यातलं बायकार्बोनेट आम्ल खातं आणि ते किती आहे हे पट्टी सांगत नाही. ज्या भांड्यावर पांढरा थर बसतो त्या पाण्याला आम्ल जास्त लागतं, असा माझा अनुभव.

निम्मं पावसाचं पाणी मिसळलं तर सामू फारसा उतरत नाही, पण आम्ल साधारण निम्मं लागतं. दुकानदार महागडं सामू-नियंत्रक पुढे करेल, तेव्हा आधी हे करून बघा.

टाकीचा क्रम:
- पाणी
- आम्ल
- ढवळणे
- १० मिनिटांनी पुन्हा पट्टी आणि फोटो
- औषध
- लगेच फवारणी

बोर्डो, इतर ताम्रयुक्त औषधं आणि चुना-गंधक यांच्या पाण्यात आम्ल अजिबात घालू नका. ताम्र जास्त विरघळून पानं करपतात आणि चुना-गंधकातून विषारी वायू सुटतो. काही तणनाशकं आम्लधर्मी पाण्यातच बिघडतात, म्हणून लेबल वाचा. बोअर बदलला किंवा विहिरीची पातळी चढली-उतरली, तर आधीचा आकडा चालणार नाही. १ लिटरची चाचणी पुन्हा करा.