सणाच्या शुभेच्छेत म्हण घालताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळी आली की ग्रुपवर तीच पणती, तेच तोरण आणि त्याच चार ओळी फिरत राहतात. त्याला कंटाळून काही जण स्वतःचं काहीतरी लिहायला बसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पहिली आठवते ती म्हण. कल्पना चांगलीच आहे. म्हण सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे त्यातला एखादा शब्द बदलला की वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि हसू येतं. पण तेवढ्यानेच घोटाळाही होतो, कारण म्हणीचे शब्द आठवतात तसा त्यातला टोमणाही आठवतो.

म्हण कोणाला लागतेय, हे न बघणं

आपल्या बहुतेक म्हणी कोणाला ना कोणाला नावं ठेवतात. 'नाचता येईना अंगण वाकडे', 'कामापुरता मामा', 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. बाजूला उभं राहून दुसऱ्याबद्दल बोलण्याची ही भाषा आहे. शुभेच्छा मात्र समोरच्याला उद्देशून असते. त्यामुळे म्हण शुभेच्छेत आली की त्यातला 'तो' आपोआप वाचणारा होतो.

'नव्याचे नऊ दिवस' घ्या. नवरात्रात ही म्हण सुचणारच, नऊचा आकडा आयता जुळतो. घरात नुकतंच लग्न झालेलं असतं आणि कोणीतरी हौसेने ग्रुपवर टाकतं, 'नव्याचे नऊ दिवस आणि देवीच्या नऊ रात्री, नव्या जोडीला शुभेच्छा!' लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं. नव्या सुनेने मात्र ते कसं घ्यायचं? कौतुक नवी आहेस तोवर, दहाव्या दिवसापासून तूही कामाला लाग. म्हणीचा अर्थच तो आहे. नवं दुकान, नवी नोकरी, नवं घर या प्रत्येक ठिकाणी ती तशीच लागते.

पाठवण्याआधी एक सोपी परीक्षा करा. ज्याला पाठवायचंय त्याला हाक मारून मूळ म्हण, न बदललेली, मोठ्याने म्हणा. 'वहिनी, नव्याचे नऊ दिवस.' ऐकतानाच अंगावर येत असेल तर पुढे कितीही सजवलं तरी ती बोच राहणार.

म्हणून म्हण टाकून द्यावी असं नाही, माणूस बदलावा. हीच म्हण कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला पाठवून बघा:

'नव्याचे नऊ दिवस, जुन्यांच्या नऊ रात्री. कालिकेच्या यात्रेला नेहमीसारखं एकत्र जाऊ. नवरात्राच्या शुभेच्छा!'

आता म्हणीचा टोमणा नव्यांना लागतो आणि त्या दोघी जुन्यांच्या बाजूला उभ्या राहतात. बदललं काय, तर एक शब्द आणि वाचणारी व्यक्ती.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत जरा जास्त जपावं लागतं. दसऱ्याला परदेशातल्या मामांना 'लंकेत सोन्याच्या विटा' ही म्हण पाठवण्याचा मोह होतो, कारण रावण, लंका, सोनं सगळं दसऱ्याचंच आहे. पण म्हणीचा रोख 'तिकडच्या श्रीमंतीचा आम्हाला काय उपयोग' असा आहे. तिच्यात आपली तक्रार लपवायची नसेल तर रोख वळवून घ्यावा लागतो: 'मामा, लंकेत सोन्याच्या विटा असतील, पण तुमच्या वाटणीचं आपट्याचं पान इथे काढून ठेवलंय.' इथे टोमणा थोडा उरतोच, पण तो 'या की आता' असं म्हणणारा आहे, आणि भाच्याने मामांना तेवढं म्हटलेलं चालतं.

म्हणीचा ठेका मोडणं

म्हण अर्थाने जितकी लक्षात राहते तितकीच चालीने. 'उथळ पाण्याला' म्हटलं की कान पुढच्या 'खळखळाट फार'ची वाट बघायला लागतो. गंमत घडते ती तिथे, म्हणून बदल एकाच जागी हवा आणि शेवटचा शब्द शक्यतो तोच हवा.

जुन्या नाशकातल्या कोणाला रंगपंचमीला लिहायचंय असं समजा. पेशवेकाळापासून चालत आलेल्या रहाडी, म्हणजे रंगाचे मोठे हौद, तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी त्या दिवसापुरत्या उघडतात, पूजा होते आणि मग रंगाच्या पाण्यात धप्पा मारायला झुंबड उडते. म्हण समोरच आहे. पण बरेच जण ती अशी लिहितात:

'उथळ पाण्याला नेहमीच खूप खळखळाट असतो, पण आपल्या नाशिकच्या रहाडीचे पाणी खोल असल्यामुळे त्यात धप्पा मारण्याची मजा काही औरच असते.'

अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, पण म्हण गेली. 'नेहमीच खूप' आलं तिथेच चाल तुटली आणि 'असल्यामुळे'पाशी तर निबंध सुरू झाला. आता हे बघा:

'उथळ पाण्याला खळखळाट फार, खोल रहाडीत धप्पे फार!'

पहिला अर्धा भाग जसाच्या तसा आहे. दुसऱ्यात 'उथळ'च्या जागी 'खोल', 'पाण्या'च्या जागी 'रहाड' आणि 'खळखळाटा'च्या जागी 'धप्पे' आले. 'फार' दोन्हीकडे एकाच जागी पडतो, म्हणून कानाला ती अजून म्हणच वाटते. या ओळीत नावं ठेवली जातात ती उथळ पाण्याला, वाचणारा खोल रहाडीत आहे. पहिली परीक्षाही ती पास होते.

या ओळीला दोन मर्यादा आहेत. एक, ती धुळवडीला पाठवू नका. नाशकात रंग खेळायचा दिवस रंगपंचमी, फाल्गुन वद्य पंचमीचा. त्याआधी रहाडीचं नाव घेतलं तर वाचणारा तारीखच बघत बसेल. दोन, चंद्रपूरच्या किंवा सोलापूरच्या मित्राला ती पाठवू नका. त्याला 'रहाड' हा शब्दच अनोळखी असेल. मग आपण कंसात 'रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा मोठा हौद' असं लिहितो आणि शुभेच्छेची माहितीपुस्तिका होते. त्याला साधं लिहावं, 'पुढच्या रंगपंचमीला नाशिकला ये.' रहाड काय ते तो उडी मारल्यावर समजेल.

नुसता शब्द बदलून थांबणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि पटकन दिसत नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

संक्रांतीची शुभेच्छा आहे. पाठवणारा धाकटा भाऊ, वाचणारी ताई. पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर दरवर्षी हा पतंग उडवायचा आणि ती मागे फिरकी धरून उभी राहायची. म्हण सुचली, 'ज्याच्या हाती ससा तो पारधी'. शिकार कोणीही केलेली असो, ससा ज्याच्या हातात दिसतो त्याला लोक शिकारी म्हणतात.

पहिला प्रयत्न साधारण असा होतो: 'ज्याच्या हाती पतंग तो पारधी.' ठेका बऱ्यापैकी जमला, सण आला, टोमणाही नाही. तरी वाचून काहीच होत नाही. कारण ससा काढून पतंग ठेवला, पण म्हण जे सांगते त्याला हात लागला नाही. पतंग हातात असणाऱ्याला पारधी म्हटलं, बरं मग?

दुसरा प्रयत्न यमकाच्या मागे जातो: 'ज्याच्या हाती मांजा तो राजा.' कानाला गोड आहे, पण 'ससा' आणि 'पारधी' दोन्ही गेल्यावर म्हण ओळखायला उरत नाही. शिवाय नायलॉन मांजाने गळे कापल्याच्या बातम्या आपल्याकडे दर संक्रांतीला येतात. शुभेच्छेत तो शब्द नकोच.

आता म्हणीच्या अर्थाकडे परत जाऊ. ती श्रेयाबद्दल आहे. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. गच्चीवर नेमकं तेच चालायचं की! दोर भावाच्या हातात, ओरडणंही त्याचंच, आणि ढील देताना फिरकी सैल सोडणारी, गुंता सोडवणारी, पतंग कटल्यावर राहिलेला दोरा गुंडाळणारी ताई. म्हणजे म्हणीतला पारधी तो स्वतः आहे. हे दिसलं की ओळ आपोआप येते:

'ताई, ज्याच्या हाती ससा तो पारधी. आणि ज्याच्या हाती फिरकी, तो कोण? यंदा पतंग तू उडव, फिरकी मी धरतो. तिळगुळ घे, गोड गोड बोल.'

इथे मूळ म्हण पूर्ण ठेवलीय, कारण पुढचा प्रश्न तिच्यावर उभा आहे. दुसऱ्या वाक्यात 'ज्याच्या हाती' पुन्हा येतं, म्हणून चाल टिकते, आणि 'पारधी'च्या जागी प्रश्न आल्यामुळे ती किंचित अडखळते. ते अडखळणं हवंच आहे. टोमणा लिहिणाऱ्याने स्वतःवर घेतलाय. आणि शेवटची तिळगुळाची ओळ मुद्दाम साधी ठेवलीय. तिच्यातही गंमत करायला गेलं तर वाचणाऱ्याला शुभेच्छा नेमकी कुठे आहे ते कळत नाही.

हीच ओळ येवल्याच्या नातेवाइकाला जशीच्या तशी ढकलू नका. तिथे फिरकीच्या जागी आसारी असते आणि पतंगाच्या बाबतीत येवलेकर भारी काटेकोर. बदललेली म्हण एका माणसासाठी शिवलेली असते, दुसऱ्याला ती ढगळ होते.

समजावून सांगणं

'हाहा, म्हण आठवली ना?', म्हणीभोवती अवतरणचिन्हं, बदललेला शब्द जाड अक्षरात, शेवटी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. हे सगळं काढा. एवढं करूनच ओळ कळत असेल तर ती जमलेली नाही.

पाठवल्यावर कसं ओळखायचं

उत्तरात नुसते जोडलेले हात आले तर ओळ फॉरवर्ड समजली गेली. बहुधा तिच्यात त्या माणसाचं असं काही नव्हतं. 'म्हणजे?' आलं तर एखादा शब्द त्याच्या गावचा नव्हता. उत्तरात कोणी म्हण पुढे नेली, म्हणजे ताईने 'फिरकी धरणारा हमाल!' असं लिहून पाठवलं, तर जमलं. आणि एरवी भरभरून लिहिणाऱ्या माणसाकडून फक्त 'बरं.' आलं तर लागलंय. अशा वेळी सारवासारव करणारी दुसरी गमतीदार ओळ लिहू नका. सरळ फोन करा आणि सणाचं बोला.

एका घरी मात्र यातलं काहीच पाठवायचं नाही. वर्षभरात कोणी गेलेलं असेल तर त्या घरी सण होत नाही, फराळही शेजारी-नातेवाईक नेऊन देतात. तिथे म्हण नको, ग्रुपवरची शुभेच्छाही नको. डबा घेऊन जा.