जत मार्गावरची सरासरी आणि उमदीचा फोन

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात मी वितरणाच्या नोंदी पाहण्याच्या कामावर रुजू झालो, तेव्हा दर सोमवारी व्यवस्थापकांसमोर एकच आकडा ठेवण्याची पद्धत होती: माल पोहोचायला लागलेला सरासरी वेळ. आम्ही ठिबक सिंचनाचे सुटे भाग तालुक्यांतील दुकानांना पाठवत असू आणि दोन दिवसांत, म्हणजे ४८ तासांत, माल देण्याचा शब्द दिलेला होता. जत मार्गाची सरासरी त्या आठवड्यात २८.५ तास आली आणि मी समाधानाने अहवाल पुढे केला. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, अठ्ठावीस तासांत माल पोहोचतोय, तर उमदीचा दुकानदार चार दिवस मला फोन कशासाठी करतोय?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या आठवड्यात पोहोचलेल्या २० मागण्यांचे तास मी चढत्या क्रमाने लावले: १४, १५, १६, १७, १८, १८, १९, २०, २०, २१, २१, २२, २३, २४, २५, २६, २८, ५२, ७४, ९७. यांपैकी सतरा मागण्या सरासरीच्या आधीच पोहोचल्या होत्या आणि उरलेल्या तिन्ही दिलेल्या शब्दाच्या बाहेर होत्या. २८.५ तासांच्या आसपासचा अनुभव त्या आठवड्यात जवळजवळ कोणालाच आला नव्हता. तो आकडा केवळ तीन मोठ्या विलंबांनी वर ओढलेला होता, पण ते विलंब दाखवण्याइतका मात्र वर गेला नव्हता.

परसेंटाइल, म्हणजे पुस्तकांतील शततमक, याच रांगेतून निघते. ५० वे परसेंटाइल म्हणजे रांगेचा मध्य, इथे २१ तास. ९० वे म्हणजे साधारण दहापैकी नऊ मागण्या ज्या वेळेच्या आत पोहोचल्या तो आकडा. तास `D` स्तंभात असतील, तर एक्सेलमध्ये असे लिहावे:

```
=PERCENTILE.INC(D2:D21, 0.9)
```

उत्तर ५४.२ येते. हे सूत्र रांगेतील १८.१ वे स्थान शोधते, म्हणून ५२ आणि ७४ यांमधील एक दशांश अंतर त्यात मिळवले जाते. त्याच यादीवर `PERCENTILE.EXC` वापरले, तर ७१.८ येते, कारण ते स्थान वेगळ्या रीतीने मोजते. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. वीसच नोंदी असताना टोकाचा आकडा इतका डळमळीत असतो, एवढाच याचा अर्थ. म्हणून एकच सूत्र ठरवून घ्यावे आणि नोंदी थोड्या असतील तर अनेक आठवड्यांच्या मूळ नोंदी एकत्र करून परसेंटाइल काढावे. दर आठवड्याच्या ९० व्या परसेंटाइलची सरासरी काढणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण त्यातून येणारा आकडा एकत्रित नोंदींचे ९० वे परसेंटाइल असेलच असे नाही. मीही पहिल्या महिन्यात तीच चूक केली होती.

त्याहून मोठी चूक मात्र यादीच्या बाहेर होती. दोन मागण्या अहवालाच्या दिवसापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. पोहोचल्याची वेळ नाही, म्हणून तास निघत नव्हते आणि त्या ओळी मुकाट्याने गळून जात होत्या. सर्वांत उशिराचा मालच हिशेबात नसेल, तर अहवाल आपोआप गोड होतो. सरासरीत अशा मागण्या धरता येत नाहीत, कारण नेमका आकडा हवा असतो. परसेंटाइलला मात्र या ठिकाणी रांगेतील जागा कळली तरी पुरते. त्या दोन्ही मागण्यांना तोवर १०० तासांहून अधिक झाले होते, म्हणजे त्या ९७ च्या पुढेच बसणार हे निश्चित होते. त्यांच्यासाठी १२० लिहिले काय किंवा ३०० लिहिले काय, २२ नोंदींचे ९० वे परसेंटाइल ९४.७ तासच येते, आणि मध्य केवळ २१.५ वर सरकतो. मागणी कालचीच असेल, तर मात्र ती अशी शेवटी बसवता येत नाही. तिचे वय पुरेसे होईपर्यंत तो आठवडा अहवालात घेऊ नये.

मध्य आणि ९० वे परसेंटाइल यांच्यात एवढी दरी दिसली, की मी आता पहिल्यांदा दोन वेगळी कामे एका यादीत मिसळली आहेत का, हे पाहतो. उशिराच्या पाचही मागण्या उमदी आणि संख या बाजूच्या होत्या, जिकडे आमची गाडी आठवड्यातून दोनदाच जात असे. उरलेल्या सतरा जत शहरातील होत्या आणि त्यांचे ९० वे परसेंटाइल २५.४ तास होते. पुढच्या सोमवारी मी दोन वेगळ्या ओळी ठेवल्या, प्रत्येकीत मध्य, ९० वे परसेंटाइल, एकूण मागण्या आणि अजून न पोहोचलेल्या मागण्या. उमदीच्या ओळीत पाचच मागण्या असल्याने तिथे परसेंटाइल न देता पाचही तास तसेच लिहिले. व्यवस्थापकांनी ती ओळ वाचली आणि उमदीच्या दुकानदाराला स्वतः फोन लावून दोन दिवसांऐवजी गाडीचे वार सांगितले.